चिठ्ठीतले सोडियम, डब्यातले मीठ

बीपीच्या रुग्णाला डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात, 'सोडियम २००० मि.ग्रॅ.पर्यंत'. घरी मात्र सोडियम नावाची वस्तू कुठेच नसते, मिठाचा डबा असतो. मग कोणी २००० मिलीग्रॅमचे २ ग्रॅम करतो आणि तेवढेच मीठ मोजून देतो. कोणाला '५ ग्रॅम मीठ' हा आकडा ऐकून ठाऊक असतो, तो सोडियमही ५ ग्रॅम चालेल असे धरतो. पहिल्या घरात रुग्णाला मिठातून जेमतेम ८०० मिलीग्रॅम सोडियम मिळते. दुसऱ्या घरात साडेबारा ग्रॅम मिठाला परवानगी दिल्यासारखे होते. पहिल्या घराने मिलीग्रॅमचे ग्रॅम बरोबर केले, पण सोडियमचे मीठ करायचे दोन्ही घरांत राहून गेले.

हा हिशेब कसा करायचा ते चिखलदऱ्याचा डोंगर आणि त्याच्या पायथ्यापलीकडचा खारपाणपट्टा समोर ठेवून पाहू. एकच चिठ्ठी घेऊन वर आणि खाली राहणाऱ्या माणसाच्या वाट्याला येणारे मीठ सारखे नसते. ते का, हेही यात कळते.

४०० चा भागाकार

मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. त्यात सोडियमचा एक अणू आणि क्लोरीनचा एक अणू अशी जोडी असते, पण दोघांचे वजन सारखे नाही. सोडियमचे अणुवजन साधारण २३ आणि क्लोरीनचे साधारण ३५.५. दोन्ही मिळून ५८.५. त्यामुळे मिठाच्या वजनात सोडियमचा वाटा २३ भागिले ५८.५, म्हणजे सुमारे ३९ टक्के. बाकीचे ६१ टक्के क्लोरीन.

वऱ्हाडातल्या माणसाला हे कापसावरून लगेच उमगेल. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये घातला की क्विंटलभर रुई निघत नाही, चौतीस-पस्तीस किलो निघते आणि उरते ती बहुतेक सरकी. डॉक्टर रुईच्या भाषेत बोलतात, आपल्या डब्यात कापूस असतो.

१ ग्रॅम मिठात नेमके ३९३ मिलीग्रॅम सोडियम असते. स्वयंपाकघरात ४०० धरावे, म्हणजे तोंडी हिशेब होतो:

मीठ (ग्रॅम) = सोडियम (मि.ग्रॅ.) ÷ ४००

सोडियम (मि.ग्रॅ.) = मीठ (ग्रॅम) × ४००

२००० भागिले ४०० म्हणजे ५ ग्रॅम मीठ. १५०० चे पावणेचार ग्रॅम. ३९३ ऐवजी ४०० घेतल्याने जो थोडा फरक पडतो तो पथ्याच्या बाजूनेच पडतो. सोडियमवरून मीठ काढले तर उत्तर किंचित कमी येते, मिठावरून सोडियम काढले तर किंचित जास्त.

जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसाला २००० मिलीग्रॅमपेक्षा कमी सोडियम आणि ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असे दोन आकडे सांगितले आहेत. ते वेगवेगळे नियम नाहीत. एकाच मर्यादेची ही दोन मापे आहेत, आणि मधला पूल ४०० चा आहे.

एक सावधगिरी इथेच सांगायला हवी. रक्ताच्या रिपोर्टवरही 'सोडियम १४०' असे काहीतरी छापलेले असते. त्या आकड्याला ४०० ने भागू नये. तो रक्तातल्या सोडियमची तीव्रता सांगतो आणि १३५ ते १४५ च्या दरम्यान असणे बरे असते. माणूस मीठ जास्त खात असला तरी हा आकडा बहुधा ठीकच दिसतो, कारण शरीर पाणी धरून ठेवून तो सांभाळते. 'रिपोर्टमध्ये सोडियम नॉर्मल आहे, मग मीठ कशाला कमी करायचे?' हा प्रश्न म्हणूनच गैरसमजातून येतो.

आधी सध्याचे मीठ मोजा

एक घर धरू. दर्यापूर तालुक्यातले खारपाणपट्ट्यातले गाव. घरात चार माणसे, त्यातल्या बाबांना बीपी आहे आणि चिठ्ठीवर २००० मिलीग्रॅम सोडियम लिहिले आहे. मुलगी चिखलदऱ्याला असते आणि उन्हाळ्यात बाबा तिच्याकडे जातात.

पथ्य सुरू करण्याआधी या घरात मीठ किती लागते ते बघायचे. सोपा उपाय म्हणजे एक किलोचे नवे पाकीट फोडताना त्यावर तारीख टाकणे. समजा ते २५ दिवसांत संपले. १००० ग्रॅम भागिले २५, दिवसाला ४० ग्रॅम. चार जणांत माणशी १० ग्रॅम. गुणिले ४००, म्हणजे ४००० मिलीग्रॅम सोडियम. चिठ्ठीतल्या मर्यादेच्या बरोबर दुप्पट.

हा अंदाज वरच्या बाजूचा आहे, कारण पाकिटातले सगळेच मीठ पोटात जात नाही. काही भाजी धुण्यात जाते, काही भाताच्या पेजेबरोबर ओतले जाते, आणि त्या महिन्यात लोणचे घातले असेल तर पाकीट लवकर रिकामे होते. उलट दुकानातले फरसाण, बिस्किटे आणि पाव यांतले मीठ या हिशेबात येतच नाही.

खात्री हवी असेल तर डॉक्टर २४ तासांच्या लघवीतले सोडियम तपासायला सांगू शकतात. खाल्लेल्या सोडियमपैकी साधारण नव्वद टक्के लघवीवाटे बाहेर पडते, म्हणून ही तपासणी पाकिटापेक्षा भरवशाची. तिचे उत्तर मिलीमोलमध्ये येते. १ मिलीमोल म्हणजे २३ मिलीग्रॅम. रिपोर्ट १७० मिलीमोल आला तर १७० गुणिले २३, सुमारे ३९०० मिलीग्रॅम, म्हणजे पुन्हा दहा ग्रॅमच्या आसपास मीठ. पाकीट आणि रिपोर्ट असे एकमेकांजवळ आले की अंदाज खरा धरायला हरकत नाही. रिपोर्ट बराच वर गेला तर घराबाहेरचे किंवा मिठाव्यतिरिक्तचे सोडियम कुठून येते ते शोधावे.

पाचातून आधी वजाबाकी

२००० मिलीग्रॅमचे ५ ग्रॅम मीठ झाले, म्हणून ५ ग्रॅम मोजून बाबांच्या ताटात घालायचे नाही. चिठ्ठीवरचा आकडा दिवसभरातल्या सगळ्या सोडियमचा आहे आणि त्यातले काही मिठाच्या डब्याला हात लावण्याआधीच पोटात जाते.

दूध, दही, पालेभाज्या, डाळी यांत निसर्गतःच थोडे सोडियम असते. साध्या घरगुती जेवणात ते दिवसाला ४०० मिलीग्रॅम धरावे. उरले १६००.

मग पाकिटातल्या वस्तू. बाबांना जेवताना एक उडदाचा पापड लागतो. समजा पाकिटावर १०० ग्रॅममागे १६०० मिलीग्रॅम सोडियम छापले आहे आणि एक पापड १२ ग्रॅमचा आहे. १६०० गुणिले १२ भागिले १००, म्हणजे १९२ मिलीग्रॅम. एका पापडामागे जवळजवळ अर्धा ग्रॅम मीठ. उरले १४०८.

भारतातल्या पाकिटांवर सोडियमचा आकडा मिलीग्रॅममध्ये असतो आणि बऱ्याचदा एका वाढपात दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग येतो तेही दिलेले असते. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने त्यासाठी २००० मिलीग्रॅम हाच आधार ठरवला आहे. त्यामुळे एक आडवाट मिळते: सोडियमच्या टक्क्यांना २० ने भागले की मिठाचे ग्रॅम हाती येतात. १० टक्के म्हणजे अर्धा ग्रॅम, २० टक्के म्हणजे एक ग्रॅम. फक्त वाढप किती ग्रॅमचे धरले आहे ते आधी वाचावे. पाकीट १५० ग्रॅमचे आणि वाढप ३० ग्रॅमचे असेल, तर पाकीट संपवणाऱ्याने टक्के पाचपट करायचे. युरोपातून कोणी पाठवलेल्या पाकिटावर मात्र सोडियमऐवजी थेट मिठाचेच ग्रॅम छापलेले असतात. तिथल्या नियमाप्रमाणे सोडियमला अडीचने गुणून तो आकडा काढलेला असतो, त्याला पुन्हा अडीचने गुणू नये.

पाण्यातले मीठ

आतापर्यंतचा हिशेब चिखलदऱ्यात आणि दर्यापूरकडे सारखाच आहे. फरक पाण्याने पडतो.

गाविलगडचे डोंगर उतरून खाली आले की पूर्णा नदीच्या खोऱ्यातला गाळाचा सपाट पट्टा लागतो. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतली नदीच्या दोन्ही अंगांची शेकडो गावे या खारपाणपट्ट्यात येतात. जमीन खोल, चिकणमातीची आणि पाण्याचा निचरा मंद, त्यामुळे क्षार वाहून न जाता भूजलात साठत गेले आहेत. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी तिथे चवीलाच खारट लागते. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या शहानूर धरणाचे पाणी नळाने दर्यापूर-अंजनगावकडे नेले ते याचमुळे. पण नळाला पाणी आले नाही की अनेक घरे पुन्हा बोअरवर येतात.

समजा बाबांच्या गावच्या बोअरच्या पाण्यात लिटरमागे २५० मिलीग्रॅम सोडियम आहे. पाण्याची चव बिघडू नये म्हणून जागतिक आरोग्य संघटना २०० मिलीग्रॅमची मर्यादा सुचवते, म्हणजे हे पाणी त्याच्या थोडेच वर आहे. पिण्याचे, चहाचे आणि डाळ-भातात मुरणारे असे मिळून दिवसाला ३ लिटर धरले तर ७५० मिलीग्रॅम सोडियम झाले. ४०० ने भागा, जवळजवळ दोन ग्रॅम मिठाइतके.

आता दोन्ही ठिकाणचा हिशेब पुरा करू. चिखलदऱ्यात मुलीकडे पावसावर भरणाऱ्या तलावाचे पाणी येते. त्यातले सोडियम फार थोडे धरून सोडून दिले तर १४०८ तसेच राहतात. ४०० ने भागून साडेतीन ग्रॅम मीठ. गावी, बोअरच्या पाण्यावर, १४०८ मधून ७५० गेले. उरले ६५८, म्हणजे सुमारे १.६ ग्रॅम मीठ. चिठ्ठी तीच, बाबा तेच आणि पापडही तोच. पण मुलीने चिखलदऱ्यात बसवलेले साडेतीन ग्रॅमचे माप गावी जसेच्या तसे वापरले, तर मर्यादा रोज चांगली तिसऱ्या हिश्शाहून जास्त ओलांडली जाईल.

पाण्यातले सोडियम कसे कळेल? टीडीएस मीटरने नाही. तो मीटर कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम असे सगळे क्षार एकत्र दाखवतो आणि त्यातला सोडियमचा वाटा गावागणिक वेगळा असतो. टीडीएस १००० आला म्हणून लिटरमागे एक ग्रॅम मीठ आहे असे समजू नये. चवही फसवते, कारण खारपाणपट्ट्यातले बरेच सोडियम मिठाच्या नव्हे तर सोड्यासारख्या क्षारांच्या रूपात असू शकते आणि ते तितके खारट लागत नाही. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत देताना 'सोडियम' वेगळे मागून घ्यावे. त्याचा आकडा मिलीग्रॅम प्रति लिटर असा येतो, त्याला रोजच्या लिटरांनी गुणले की झाले. गावी असताना आरओचे किंवा धरणाचे नळाचे पाणी वापरता आले, तर बाबांच्या ताटात जवळजवळ दोन ग्रॅम मीठ परत येते.

साडेतीन ग्रॅम मोजायचे कसे

चमच्यावर विसंबू नये. बारीक मिठाचा सपाट भरलेला चहाचा चमचा पाच-सहा ग्रॅमचा भरतो, शिगेचा भरला तर त्याहून बराच जास्त. खडे मिठात खड्यांमध्ये पोकळी राहते, म्हणून तोच चमचा कमी भरतो. चिखलदऱ्याच्या पावसाळ्यात धुके घरात शिरते, मिठाला पाणी सुटते, गोळे होतात आणि कालचा चमचा आजच्याशी जुळत नाही. वजनाने मोजले तर ओलाव्याचा फरक फार राहत नाही, आणि राहतो तो पथ्याच्या बाजूने, कारण ओल्या मिठाच्या वजनात थोडे पाणीही असते.

स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा एक ग्रॅमच्या टप्प्याने मोजतो. त्यावर साडेतीन ग्रॅम नीट मोजता येत नाही. म्हणून दहा दिवसांचे एकदम मोजावे: ३५ ग्रॅम मीठ कागदावर घ्यायचे, सपाट पसरून त्याचे दहा सारखे वाटे करायचे आणि दहा पुड्या बांधायच्या. रोज सकाळी एक पुडी बाबांच्या वेगळ्या डबीत रिकामी करायची. त्यांची भाजी आणि वरण मीठ घालण्याआधी वेगळे काढायचे आणि त्या डबीतलेच मीठ वरून घालायचे. वरून घातलेले मीठ जिभेला लगेच लागते, त्यामुळे थोडक्यात भागते. पहिले काही दिवस 'या भाजीले चवच नाई' हे ऐकावे लागेल. काही आठवड्यांत जीभ कमी मिठाला सरावते.

ठेच्यासारखा पदार्थ घरातल्या सगळ्यांसाठी एकत्र होतो, त्याचे मीठ असे वेगळे काढता येत नाही. तिथे करतानाच दोन वजने घ्यावीत, घातलेल्या मिठाचे आणि तयार ठेच्याचे. समजा ६ ग्रॅम मीठ घातले आणि ठेचा १२० ग्रॅम झाला. म्हणजे शंभराला ५ ग्रॅम मीठ. बाबांनी १० ग्रॅम ठेचा घेतला तर अर्धा ग्रॅम मीठ गेले, तेवढे त्या दिवशीच्या डबीतून काढून ठेवायचे. लोणच्याचेही तसेच, फक्त तिथे मीठ टिकवण्यासाठी घातलेले असल्याने प्रमाण बरेच मोठे असते. वजनाचा दहावा भाग मीठ असलेल्या लोणच्याची १५ ग्रॅमची फोड दीड ग्रॅम मीठ घेऊन येते. चिखलदऱ्यातल्या साडेतीन ग्रॅमच्या दिवशी ती परवडली तर परवडेल. गावच्या १.६ ग्रॅममध्ये एवढ्या फोडीने दिवसच संपतो.

जिथे ४०० चालत नाही

हा भागाकार फक्त सोडियम क्लोराइडचा आहे. खायच्या सोड्यात सोडियमचे प्रमाण वेगळे आहे: १ ग्रॅम सोड्यात सुमारे २७० मिलीग्रॅम. भज्यांत, ढोकळ्यात आणि बाहेरच्या फरसाणात तो जातो, खारट लागत नाही आणि म्हणून नजरेतून सुटतो. पापडखारही सोडियमचाच क्षार आहे. म्हणून घरी लाटलेल्या पापडाचे फक्त मीठ मोजले तर हिशेब कमी येतो. पित्तावर पाण्यात टाकून घ्यायच्या फसफसणाऱ्या चूर्णातही सोडाच असतो. ते रोज घेण्याची सवय असेल तर ती डॉक्टरांना सांगावी.

सैंधव नैसर्गिक असले तरी ते जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच आहे, त्याला ४०० चाच नियम लावावा. 'कमी सोडियमचे मीठ' म्हणून मिळणाऱ्या मिठात काही भाग पोटॅशियम क्लोराइडचा असतो. त्याच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे सोडियम किती ते वाचावे आणि त्या आकड्याला १०० ने भागून एका ग्रॅमचे काढावे. पाकिटावर ३३,००० मिलीग्रॅम असेल तर एका ग्रॅमला ३३०, आणि ४०० च्या जागी ३३० ने भागायचे. पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, आणि बीपी-हृदयाच्या ज्या गोळ्यांनी रक्तातले पोटॅशियम वाढते त्या चालू असलेल्यांनी, हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पोटॅशियम वाढले तर हृदयाची लय बिघडू शकते. आपली गोळी त्यातली आहे का, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

चूक उलट्या बाजूनेही होते. सुरुवातीच्या पहिल्या घराप्रमाणे २००० मिलीग्रॅमला २ ग्रॅम मीठ समजून ते महिनोन्महिने पाळले, वर लघवी जास्त होण्याची गोळी चालू असली आणि माणूस वयस्कर असला, तर रक्तातले सोडियम खाली जाऊ शकते. मळमळ, गळून गेल्यासारखे होणे, तोल जाणे, बोलण्यात गोंधळ होणे अशी लक्षणे दिसली तर 'उन्हाने झाले असेल' म्हणून थांबू नये. रक्त लगेच तपासून घ्यावे. पथ्य स्वतःच्या मनाने सैल किंवा कडक करण्याऐवजी पुढच्या भेटीला चार आकडे लिहून न्यावेत: पुडीतले मीठ किती ग्रॅम, पाकिटातल्या पदार्थांतले सोडियम किती, पाणी कुठले आणि त्यात लिटरमागे सोडियम किती, आणि सोडा किंवा चूर्ण किती वेळा. एवढे समोर असले की औषध वाढवायचे की आधी बोअरचे पाणी बदलायचे, हे डॉक्टरांना ठरवता येते.